इटालियनचे दोन नकार आणि इवलेसे ‘ची’, ‘ने’

१९८४ साली रोबेर्तो बेनिन्यी आणि मास्सिमो त्रोइसी या दोघा विनोदी नटांनी मिळून एक चित्रपट काढला. एक शिक्षक आणि त्याच्या शाळेतला शिपाई अचानक १४९२ सालात जाऊन पडतात, अशी त्याची गोष्ट. नाव होतं ‘नॉन ची रेस्ता के प्यांजेरे’. नुकता इटालियन शिकू लागलेला मराठी माणूस शब्दकोश उघडून बसला, तर त्याच्या हाती लागेल ते असं: नॉन म्हणजे नाही, ची म्हणजे तिथे, रेस्ता म्हणजे उरतं, के म्हणजे की, प्यांजेरे म्हणजे रडणं. एकेक अर्थ बरोबर आणि वाक्याचा पत्ता नाही. नावाचा खरा अर्थ आहे, ‘आता रडण्यावाचून आपल्याला काही उरलं नाही’. इथला ‘नॉन’ पुढच्या ‘के’शी बांधलेला आहे, दोघं मिळून ‘वाचून’चं काम करतात. आणि ‘ची’चा तर ‘तिथे’शी काही संबंधच नाही, तो इथे ‘आपल्याला’ आहे.

इटालियन साहित्य आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या वाटेने येतं. त्या वाटेवर नेमके हे बारीक शब्द गळतात, कारण इंग्रजीला त्यांची सोय नाही. मराठीला मात्र आहे. मूळ इटालियन वाचून थेट मराठीत लिहिणाऱ्याला आपल्या भाषेत ‘च’, ‘काही’, ‘तोवर’, ‘नव्हे’ अशी आयती हत्यारं मिळतात. ती कुठे चालवायची आणि कुठे म्यान करायची, एवढं कळायला हवं.

आधी नकार घेऊ. दोन उणे मिळून अधिक होतं हे आपण गणितात शिकतो, आणि प्रमाण इंग्रजीचं व्याकरणही तेच बजावतं. इटालियनमध्ये तसं होत नाही. ‘नॉन ओ व्हिस्तो नेस्सूनो’ या वाक्यात ‘नॉन’ नकारार्थी आहे आणि ‘नेस्सूनो’, म्हणजे ‘कुणी नाही’, तोही नकारार्थीच. तरी अर्थ ‘मला कुणी दिसलं नाही’ असा सरळ आहे. नेस्सूनो, निएन्ते (काही नाही), माय (कधी नाही) यांपैकी एखादा शब्द क्रियापदानंतर आला की क्रियापदाआधी ‘नॉन’ घालावाच लागतो. तोच शब्द क्रियापदाच्या आधी आला तर ‘नॉन’ लागत नाही: ‘नेस्सूनो ए व्हेनूतो’. नकार एकच असतो, तो वाक्यातल्या दोन-तीन शब्दांवर पसरतो इतकंच. ‘नॉन दीचे माय निएन्ते आ नेस्सूनो’ या वाक्यात मोजून चार नकारार्थी शब्द आहेत. मराठीत ते किती सहज बसतं पाहा: ‘ती कधी कुणाला काही सांगत नाही.’ आपण कधी, कुणाला, काही हे शब्द मोकळे ठेवतो आणि शेवटच्या एका ‘नाही’त सगळ्यांना ओवतो.

हे इतकं सोपं वाटतं म्हणूनच एक चूक वारंवार होते. नेस्सूनो दिसला की ‘कुणीच’, निएन्ते दिसला की ‘काहीच’, माय दिसला की ‘कधीच’. मराठीतला ‘च’ जोर देतो. इटालियनमधला दुसरा नकार केवळ व्याकरणाची सक्ती आहे, त्यात आपोआप जोर येत नाही. ‘कुणी आलं होतं का?’ या प्रश्नाला इटालियन माणूस शांतपणे ‘नॉन ए व्हेनूतो नेस्सूनो’ म्हणतो, तेव्हा मराठीत ‘कुणी आलं नाही’ एवढंच पुरे. उलट ‘नेस्सूनो ए व्हेनूतो’ म्हणत तो नेस्सूनोला वाक्याच्या तोंडाशी आणतो, तेव्हा ‘एकही जण आला नाही’ किंवा ‘कुणीच आलं नाही’ शोभतं. पानभर ‘च’ पेरलेलं भाषांतर वाचताना सगळी पात्रं सतत आवेशात बोलतात असं वाटायला लागतं, आणि मूळ पुस्तकात तर ती जेवता जेवता बोलत असतात.

मग दोन नकार एकमेकांना खातात ते कधी? प्रत्येक नकाराला स्वतःचं क्रियापद असेल तेव्हा. ‘नॉन पोस्सो आन्दारे’ म्हणजे ‘मला जाता येणार नाही’. ‘नॉन पोस्सो नॉन आन्दारे’ म्हणजे ‘मला गेल्याशिवाय चालणार नाही’. दुसऱ्या वाक्यात एक ‘नॉन’ शकण्याला लागतो, दुसरा जाण्याला, आणि दोहोंतून जाणं भागच आहे असा अर्थ निघतो. घाईत एक ‘नॉन’ नजरेतून सुटला तर पात्र जाण्याऐवजी घरी बसतं. ओळखायची रीत साधी आहे: नकारार्थी शब्द मोजू नयेत, नाकारलेली क्रियापदं मोजावीत. एकच असेल तर मराठीत एक ‘नाही’. दोन असतील तर ‘शिवाय’, ‘वाचून’, ‘न करून चालत नाही’ अशी रचना शोधावी.

प्रश्नातला नेस्सूनो आणखी वेगळा. रिकाम्या वाटणाऱ्या घराचं दार ठोठावत इटालियन माणूस विचारतो, ‘चे नेस्सूनो?’ त्याचं ‘कुणी नाही का?’ करायची गरज नाही. आपल्याकडे दारात उभा राहिलेला माणूस जे म्हणतो तेच लिहावं: ‘कुणी आहे का?’

‘नॉन’चा आणखी एक सोबती आहे, ‘मीका’. लॅटिनमध्ये मीका म्हणजे कण, चुरा. ‘कणभरही नाही’ अशा वापरातून तो नकाराला चिकटला. आज त्याचं काम निव्वळ जोर देण्याचं नाही. भाषाशास्त्रज्ञ गुल्येल्मो चिंक्वे यांनी १९७६ साली या एका शब्दावर लेख लिहून दाखवून दिलं की समोरच्याच्या मनात एखादी अपेक्षा किंवा समजूत आहे असं गृहीत धरून मीका ती खोडून काढतो. ‘नॉन सोनो स्तूपिदो’ म्हणजे ‘मी मूर्ख नाही’, ही नुसती माहिती. ‘नॉन सोनो मीका स्तूपिदो’ म्हणजे ‘मी काही मूर्ख नाही’, म्हणजे तुला तसं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक. मराठीतला हा ‘काही’ अगदी तेच करतो. ‘हे काही सोपं नाही’, ‘तो काही लहान नाही आता’ ही वाक्यं आपण कुणाचा तरी समज पुसण्यासाठीच बोलतो. इंग्रजीत याला एका शब्दाचा जोडीदार नाही, म्हणून इंग्रजीवरून केलेल्या भाषांतरात मीकाचा मागमूस राहत नाही. प्रश्नात मात्र ‘काही’ चालत नाही, तिथे ‘तर नाही ना?’ हवं.

असंच अनपेक्षित साम्य ‘फिंके’ या शब्दापाशी सापडतं. ‘फिंके नॉन तोर्नो’ यातला ‘नॉन’ इंग्रजीतून आलेल्या विद्यार्थ्याला छळतो, कारण ‘मी परत येईपर्यंत’ या अर्थात नकार कुठून आला हे त्याला उमगत नाही. मराठी माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. आपणही ‘मी परत येत नाही तोवर’ असंच म्हणतो. ‘नॉन’शिवायचा फिंके, जसं ‘फिंके दूरा’, म्हणजे ‘टिकेल तोवर’. सगळेच पोकळ ‘नॉन’ मात्र असे मराठीत उतरत नाहीत. ‘प्यू दिफ्फीचिले दी क्वान्तो नॉन पेन्सास्सी’ म्हणजे ‘वाटलं होतं त्याहून अवघड’; इथला ‘नॉन’ सोडून द्यायचा. ‘पेर पोको नॉन कादेव्हो’ म्हणजे ‘पडता पडता वाचलो’. इथे तो ‘वाचलो’त विरघळतो.

आता ‘ची’ आणि ‘ने’. ‘ची’चा उगम लॅटिनमधल्या ‘इथे’ दाखवणाऱ्या शब्दांत आहे, ‘ने’चा ‘तिथून’ या अर्थाच्या ‘इंदे’मध्ये. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ उलगडतं. ‘इथे’वरून ‘त्यात, त्यावर, त्याला’ झालं. ‘तिथून’वरून ‘त्यातून, त्यातलं, त्याबद्दल’ झालं. कोणत्या जागी कोण येणार हे क्रियापद ठरवतं. विचार करणं, विश्वास ठेवणं या क्रियापदांपुढे ‘आ’ हा संबंध दाखवणारा शब्द येतो, म्हणून तिथे ‘ची’. बोलण्याच्या क्रियापदापुढे ‘दी’ येतो, म्हणून तिथे ‘ने’. ‘ची पेन्सो’ म्हणजे ‘त्याचा विचार करतो’. ‘ने पार्लिआमो दोमानी’ म्हणजे ‘त्याबद्दल उद्या बोलू’.

पण हे ‘त्याचा’ आणि ‘त्याबद्दल’ मराठीत उच्चारायचे की नाही, हा खरा प्रश्न. इटालियनला ते उच्चारावेच लागतात. मराठीत आधीच्या वाक्यात गोष्ट आली असेल तर ‘उद्या बोलू’ पुरतं. बाजारातलं उदाहरण घ्या. ‘किती खुर्च्या घेतल्यास?’ या प्रश्नावर इटालियन उत्तर: ‘ने ओ कोम्प्राते त्रे.’ यात खुर्च्यांचं नाव नाही, पण ‘कोम्प्राते’ हे रूप स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे. ‘ने’मागे दडलेल्या खुर्च्यांचं लिंग क्रियापदावर उमटतं. मराठी उत्तर: ‘तीन घेतल्या.’ नाव आपणही घेतलं नाही, आणि ‘घेतल्या’ने खुर्च्या दाखवल्या. ‘ने’ कुठेच दिसत नाही आणि त्याचा अर्थ मात्र पुरता शाबूत आहे. ‘मी त्यांच्यातल्या तीन घेतल्या’ असं लिहिलं तर अर्थ बिघडतो: दुकानात मांडलेल्या खुर्च्यांतून निवडून तीन घेतल्या असं वाटतं. मूळ वाक्यात ती निवड नाही.

‘ची’ आणि अस्तित्व यांचं नातंही असंच. ‘नॉन ए मार्को’ आणि ‘मार्को नॉन चे’ या दोन वाक्यांत फरक फक्त ‘ची’चा. ते ‘असणे’च्या ‘ए’ला जोडून ‘चे’ झालं आहे. पहिल्याचा अर्थ ‘हा मार्को नव्हे’, दुसऱ्याचा ‘मार्को नाही’, म्हणजे घरी नाही, जागेवर नाही. ओळख नाकारायला ‘नव्हे’ आणि हजेरी नाकारायला ‘नाही’ हा भेद जुनी मराठी काटेकोरपणे पाळत असे. बोलण्यात तो आता पुसट होतो आहे. इटालियन भाषांतरात ‘नव्हे’ला मुद्दाम जागा द्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण तिथे तो शब्द अर्थ वाचवतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे ‘ची’ आणि ‘ने’ क्रियापदात मुरून गेलेले. तिथे ते कशाच्याच जागी आलेले नसतात. ओळखायचं कसं? त्यांना काढून जागी पूर्ण नाम ठेवून पाहावं. ‘ची पेन्सो’मध्ये ‘या गोष्टीचा’ असं घालता येतं, म्हणजे सर्वनाम जिवंत आहे. ‘ची व्होल्योनो दूए ओरे’ म्हणजे ‘दोन तास लागतात’. इथे ‘ची’च्या जागी काहीच घालता येत नाही, तो ‘लागणे’ या अर्थाचाच भाग झाला आहे. तुल्लिओ दे माउरो यांच्या मोठ्या कोशाने अशा क्रियापदांना वेगळं नाव देऊन त्यांची नोंद घेतली. त्यांचे अर्थ एकेक करून शिकावे लागतात. ‘चे लो फात्ता’ म्हणजे ‘जमलं!’ ‘चे लाय कोन मे?’ म्हणजे ‘माझ्यावर रागावलास का?’ ‘नॉन ने पोस्सो प्यू’ म्हणजे ‘आता सोसत नाही’. आणि ‘ची पेन्सो’ला नुसता ‘यो’ म्हणजे ‘मी’ जोडला की ‘ची पेन्सो यो’चा अर्थ विचार करण्यापलीकडे जातो: ‘मी बघतो ते’, तू काळजी करू नकोस.

गोंधळ वाढतो तो ‘ची’ हाच शब्द ‘आपल्याला, आम्हाला’ म्हणूनही वावरतो म्हणून. ‘इल नोन्नो नॉन ची सेन्ते’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. ‘आजोबांना आपलं बोलणं ऐकू येत नाही’, म्हणजे ते दूर बसलेत किंवा मध्ये भिंत आहे. किंवा ‘आजोबांना ऐकू येत नाही’, म्हणजे त्यांचे कान गेलेत. दुसऱ्या अर्थात ‘ची’ मुरलेला आहे. वाक्य एकटं असताना कोणताही शब्दकोश निवाडा देऊ शकत नाही. पुढे कुणी मोठ्याने बोलायला सांगतं की दार उघडायला सांगतं, हे पाहूनच ठरवावं लागतं.

या सगळ्यांची गाठ एका छोट्या संवादात घालून पाहू. संवाद मीच या लेखासाठी रचला आहे. भाऊ जुन्या घराच्या दाराशी येतो, बहीण आत आहे.

भाऊ विचारतो: ‘चे नेस्सूनो?’ बहीण: ‘नॉन चे प्यू नेस्सूनो. नॉन ची व्हिएने माय नेस्सूनो.’ भाऊ: ‘ए ला क्यावे? नॉन चे लाय मीका तू?’ बहीण: ‘दी क्यावी चे नेरानो त्रे. यो ने ओ पेर्सा ऊना.’ भाऊ: ‘ए ले आल्त्रे?’ बहीण: ‘के ने सो?’ भाऊ: ‘आस्पेत्ता क्वी फिंके नॉन तोर्नो.’ बहीण: ‘नो, मे ने व्हादो.’

पहिलं उत्तर अक्षराला चिकटून केलं तर होतं: ‘तिथे आणखी कुणी नाही. तिथे कधीच कुणीच येत नाही.’ यात तीन दोष आहेत. बहीण स्वतः घरात उभी आहे, तेव्हा ‘तिथे’ चूक. ‘ची’ बोलणाऱ्याच्या जागेप्रमाणे ‘इथे’ही होतो. ‘प्यू’ म्हणजे एरवी ‘अधिक’, पण नकाराबरोबर तो ‘पूर्वी होतं, आता नाही’ एवढं सांगतो. आणि दोन ‘च’ उगाच आलेत. ‘आता कुणी राहत नाही. इथे कधी कुणी येतसुद्धा नाही.’ मला हे बरोबर वाटतं. पहिल्या वाक्यातला ‘ची’ ‘राहत’मध्ये गेला, दुसऱ्यातला ‘इथे’ झाला.

किल्लीच्या प्रश्नातला मीका महत्त्वाचा. भावाला शंका आहे आणि ती खोटी ठरावी असं त्याला वाटतंय. ‘आणि किल्ली? तुझ्याकडे तर नाही ना?’ ‘तुझ्याकडे किल्ली नाही का?’ असं केलं तर त्याने किल्ली मागितल्यासारखं होईल.

‘दी क्यावी चे नेरानो त्रे’ हे वाक्य सगळ्यांत दाट. ‘चे नेरानो’मध्ये ‘ची’ आणि ‘ने’ दोन्ही ‘होत्या’ला चिकटलेत, आणि किल्ल्या आधीच उल्लेखूनही ‘ने’ त्यांना पुन्हा उचलतो. बोलण्यातली ही लकब मराठीत शब्दांच्या क्रमाने साधते: ‘किल्ल्या होत्या तीन.’ पुढे ‘पेर्सा ऊना’. हे स्त्रीलिंग पाहून नवशिका म्हणतो, बोलणारी बाई आहे. तसं मुळीच नाही. ते लिंग हरवलेल्या किल्लीचं आहे, बोलणाऱ्याचं नव्हे. मराठीत: ‘त्यातली एक माझ्याकडून हरवली.’ आता मात्र ‘त्यातली’ ठेवली, कारण तीनांतली एक हा हिशेब इथे खरंच आहे. खुर्च्यांपाशी जो शब्द नडत होता तोच किल्ल्यांपाशी हवा.

‘आणि बाकीच्या?’ ‘मला काय माहीत!’ इथे ‘ने’ मराठीत उतरवायला गेलं तर ‘मला त्याबद्दल काय माहीत’ असं होतं, आणि वैताग कोर्टातल्या साक्षीसारखा वाटू लागतो. ‘मी येत नाही तोवर इथंच थांब’ हे वाक्य तर नकारासकट जसंच्या तसं आलं.

राहिलं ‘मे ने व्हादो’. नुसतं ‘व्हादो’ म्हणजे ‘जाते’. ‘ने’ त्यात ‘इथून’ घालतो, आणि ‘मे’ ते स्वतःच्या मर्जीचं करतो: ‘छे, मी चालले.’ ‘चालले’त निघण्याचा निश्चयही आहे आणि जागा सोडणंही. हेच क्रियापद भूतकाळात, तृतीयपुरुषी आलं तर सावध राहावं. ‘से ने आन्दातो’ म्हणजे ‘तो निघून गेला’, आणि माणूस वारला हे सौम्यपणे सांगतानाही इटालियन हेच वापरतं. आपला ‘गेला’ही दोन्हीकडे चालतो. मूळ लेखकाने संदिग्धता ठेवली असेल तर ‘गेला’ लिहून ती जपता येते. नुसतं घर सोडणं असेल तर ‘निघून गेला’ लिहून वाचकाला दचकण्यापासून वाचवावं. आणि ‘मे ने व्हादो’त बोलणाऱ्याचं लिंग कुठेच दिसत नाही, तेव्हा ‘चालले’ की ‘चाललो’ हे त्या ओळीवरून कळत नाही. बोलणारी बहीण आहे हे मी आधी सांगून ठेवलं म्हणून इथे ‘चालले’ आलं. कादंबरीत मात्र पात्राचं नाव चार पानं मागे असतं, तिथवर जाऊन यावं लागतं.